पेटीतला एक कागद

फौजेत बदली झाली की दुसऱ्या दिवशी माणूस लंगर कुठे आहे ते विचारतो आणि तिसऱ्या दिवशी बँक. पूर्वी प्रत्येक ठिकाणी नवीन खाते निघायचे. जोधपूरला एक, तेजपूरला एक, शिवाय गावाकडे वडिलांबरोबरचे जॉइंट खाते वेगळेच. वीस-बावीस वर्षांत जवानाचा पैसा असा देशभर विखुरतो, आणि कुठे काय आहे हे फक्त त्याच्या डोक्यात असते.

आमच्या पलटणीतला एक हवालदार रिटायर होऊन तीन वर्षे झाली असतील. सत्तेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. मी तेव्हा सुट्टीवर होतो. तेरावा झाल्यावर वहिनींनी काळी पेटी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, यात काय काय आहे ते तुम्हीच बघा." पीपीओ होता, डिस्चार्ज बुक होते, पेन्शन खात्याचे पासबुक होते. फॅमिली पेन्शनचा मार्ग त्यातून सरळ दिसत होता.

मग आम्ही पासबुकाची मागच्या वर्षभराची पाने बोटाने ओळ-ओळ वाचत गेलो. मे महिन्याच्या शेवटी दोन नोंदी सापडल्या, एक ४३६ रुपयांची आणि एक २० रुपयांची. वहिनींना वाटले, बँकेने काहीतरी चार्ज कापला असेल. पहिली कपात प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची होती. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी त्यात दोन लाख मिळतात. दुसरी सुरक्षा विम्याची. तो फक्त अपघाताचा, म्हणून इथे उपयोगाचा नव्हता. पण पेटीत या दोन्हींचा एकही कागद नव्हता. ४३६ ची ती एक ओळ नजरेतून सुटली असती तर दोन लाख विमा कंपनीकडेच राहिले असते.

डिस्चार्ज बुकाच्या कव्हरात घडी घातलेली एक एफडीची पावती निघाली, जोधपूरच्या शाखेची. लग्नाआधीची, दर वेळी आपोआप रिन्यू होत आलेली. नॉमिनी होती आई, आणि आई त्याच्या आधीच वारली होती. पैसे वहिनींचे आणि मुलांचेच होते, पण नॉमिनी हयात नसल्यामुळे वारसांची कागदपत्रे, प्रतिज्ञापत्र, सगळ्यांच्या सह्या अशी फेरी सुरू झाली. गावापासून जोधपूर किती लांब, ते वेगळे सांगायला नको.

म्हणून पुढच्या सुट्टीत मी माझा कागद केला. फुलस्केपचे एकच पान. रकाने पाच: काय आहे, कुठे आहे (शाखा आणि गाव), नंबर, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे ठेवला आहे. आठवून लिहायला बसलो नाही. पगाराच्या पावतीतला कपातीचा रकाना आणि पासबुकाचे पूर्ण एक वर्ष समोर घेतले. वर्षच का, तर काही हप्ते बारा महिन्यांत एकदाच जातात. कपातीच्या रकान्यात एजीआयएफ, प्रॉव्हिडंट फंड आणि डाक जीवन विमा मिळाले.

ज्यांचा कागदच घरी येत नाही, त्या गोष्टी मी सगळ्यात वर लिहिल्या. डिफेन्स सॅलरी पॅकेजच्या खात्यावर अपघात विमा असतो. त्याचा हप्ता कापला जात नाही आणि पॉलिसीही हातात मिळत नाही. रक्कम आणि दावा करण्याची मुदत बँकेनुसार वेगळी, म्हणून शाखेत विचारून घेतली आणि तारखेसह लिहिली. रिटायर झालेल्यांनी एजीआयएफच्या एक्स्टेंडेड विम्याची ओळ विसरू नये. त्याचे पैसे जाताना एकदाच कापलेले असतात, नंतर पासबुकात काहीच दिसत नाही.

नॉमिनीच्या रकान्यात 'केला आहे' असे लिहू नका, नाव लिहा. नाव लिहिताना कळते की ती व्यक्ती आता हयात नाही, किंवा लग्नाआधीचेच नाव चालू आहे. आणि बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची असते. त्यामुळे हे पान मृत्युपत्राची जागा घेत नाही. खाली दोन ओळी कर्जाच्या: आपण कोणाचे देणे आहोत, कोणाला जामीन आहोत.

पिन, पासवर्ड यातले काही लिहू नये. वारसाला त्यांची गरज नसते. त्याला फक्त कोणत्या दारावर जायचे ते कळायला हवे.

दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. त्या बँकेमार्फत परत मागता येतात, आणि udgam.rbi.org.in वर नावाने शोधताही येतात. पण तिथेही कोणत्या बँकेत शोधायचे, हे ठाऊक असलेले बरे.

माझ्या पानाच्या वर तारीख आहे. एक प्रत घरच्या पेटीत, एक धाकट्या भावाकडे. बदली, नवीन पॉलिसी किंवा घरात जन्म-मृत्यू झाला की नवीन पान लिहितो आणि जुन्या दोन्ही प्रती फाडतो. बायकोला एकदा शेजारी बसवून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. तिने तीन ठिकाणी "हे काय?" असे विचारले. त्या तीन ओळी मी पुन्हा, सोप्या शब्दांत लिहिल्या.