काकू, मला ठरवायला मदत करा

बुधवार, १५ फेब्रुवारी २०२३. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. भांडी डिशवॉशरमध्ये लावून मी दिवा मालवणार, तेवढ्यात फोन वाजला. व्हॉट्सॲपवर एकच ओळ होती : "काकू, मला ठरवायला मदत करा."

एवढंच. आधी "नमस्कार" नाही, नंतर काही नाही. पाठवणारी मंडळातली मुलगी. मुलगी म्हणायचं, वय असेल पस्तिशीचं. गणपतीत ढोल वाजवते, म्हणून माझ्या फोनमध्ये तिचं नाव "ढोलवाली" असंच आहे. आमची ओळख म्हणजे वर्षातून चार कार्यक्रम आणि एकदा मी तिला दिलेली मेतकुटाची बरणी. इथे तिला आपण मीरा म्हणू.

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या चौकशीच्या टेबलावर मी बावीस वर्षं बसले. त्यामुळे अर्धवट प्रश्न ऐकायची मला सवय आहे. तरी त्या ओळीने मी बिचकले, कारण त्यात अर्धा प्रश्नसुद्धा नव्हता. काय ठरवायचं? कशातून निवडायचं? बिचाऱ्या अर्जुनानेसुद्धा "माझ्या हिताचं काय ते निश्चित सांग" असं म्हणण्याआधी अख्खा पहिला अध्याय खर्ची घातला होता. समोर कोण उभे आहेत, हात का कापतात, कुळाचं काय होईल, सगळं सांगून झालं होतं. मीराने एकदम दुसऱ्या अध्यायातच उडी मारली होती.

अशा वेळी आपल्या लोकांना, आणि त्यात मी पहिली, अंदाज बांधायची दांडगी हौस असते. काही वर्षांपूर्वी शेजारची एक मैत्रीण चहाला आली आणि म्हणाली, "काय करावं काही कळत नाही गं." तिचा मुलगा तेव्हा बारावीला होता. मी लगेच सरकारी विद्यापीठ की खाजगी, कर्ज किती, घरापासून लांब किती, यावर अर्धा तास बोलले. ती ऐकत राहिली, चहा पिऊन गेली. महिन्याभराने कळलं की सांगलीला तिच्या आईला विस्मरणाचा आजार जडला होता, आणि आईला इथे आणावं की आपण तिकडे जावं, हे तिला विचारायचं होतं. मी बोलायला वावच ठेवला नव्हता. ती गोष्ट अजून टोचते.

म्हणून मीराला उत्तर देताना मी घाई केली नाही, पण वेळही लावला नाही. रात्री अकराला आलेल्या अशा ओळीमागे नोकरी असू शकते, लग्न असू शकतं, आणि जीव नकोसा होणंही असू शकतं. वाचनालयात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. शंका असेल तर सरळ विचारायचं; विचारल्याने कोणाच्या डोक्यात नको तो विचार शिरत नाही. आणि समोरची व्यक्ती घरात कोणाला घाबरत असेल, तर आपला मेसेज दुसरं कोणी वाचेल हे धरून चालायचं आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारायचं. मी लिहिलं : "वाचलं. तू सुरक्षित आहेस ना? आत्ता फोन करू, की लिहिणं बरं?"

तिचं उत्तर आलं : "सुरक्षित आहे काकू. लिहितेच. निनाद झोपलाय." त्या "लिहितेच"मधल्या "च"ने मला धीर आला. उत्तर वेगळं आलं असतं, तर मी थेट विचारलं असतं की जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का, आणि ९८८ हा आकडा दिला असता. जुलै २०२२ पासून देशभर कुठूनही हे तीन आकडे लावले की मदत करणारं माणूस फोनवर येतं. आपल्या मंडळातल्या किती जणांना तो पाठ आहे, कोण जाणे.

आता पुढचा प्रश्न. "तुझ्यापुढे पर्याय काय आहेत?" हे अगदी जिभेवर आलं होतं. पण ते विचारायचं नसतं, निदान आधी तरी नाही. ज्याला पर्याय मांडता येतात, तो अशी एक ओळ पाठवत नाही. पर्यायांची यादी हे त्या कामाचं शेवटचं टोक, आणि आपण तेच पहिल्यांदा मागतो. "का?" हेसुद्धा वाईट. "का ठरवत नाहीस?" म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो.

आमच्या धंद्यात यावर एक जुना लेख आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठातले रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली लिहिलेला. त्यांचं म्हणणं असं की माणसाची विचारणा चार पायऱ्या उतरून टेबलापर्यंत येते. आधी पोटात एक खळबळ असते, तिला शब्द नसतात. मग ती मनात धूसर आकार घेते. मग तिचा नीट प्रश्न बनतो. आणि शेवटी, समोरच्याला काय देता येईल याचा अंदाज घेऊन माणूस तो प्रश्न कापून-छाटून विचारतो. टेबलावर येतो तो हा चौथा, छाटलेला प्रश्न, आणि ग्रंथपालाचं काम पायऱ्या उलट चढायचं. मीराची ओळ मात्र पहिल्याच पायरीवरून आली होती. छाटायला तिच्याकडे प्रश्नच नव्हता.

पुढे १९८६ मध्ये ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी या दोघींनी पायऱ्या चढायची एक साधी रीत मांडली. आपला अंदाज प्रश्नात घुसवायचा नाही. कोणत्या प्रसंगात अडकलात, कुठे अडलंय आणि उत्तर मिळालं तर त्याचं काय कराल, एवढंच विचारायचं. मी त्यात माझी एक भर घालते, कारण ठरवण्याच्या गोष्टीत घड्याळ असतं. मी विचारलं : "कधीपर्यंत ठरवायचंय?"

"१ एप्रिल," ती म्हणाली. मला वाटलं थट्टा करतेय. पण तारीख पक्की होती, म्हणजे ती कोणीतरी घालून दिलेली होती. मग दुसरा प्रश्न : "आणि तू काहीच केलं नाहीस, तर त्या दिवशी काय होईल?"

यावर पाच मिनिटं "टायपिंग" दिसत राहिलं, आणि मग सगळं धो धो आलं. ३१ जानेवारीला तिची नोकरी गेली होती. ती एच-वनवर. नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस राहता येतं, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढंही नाही. २०१७ पासूनचा हा नियम आपल्या घराघरांत पाठ आहे. फेब्रुवारीचे अठ्ठावीस, मार्चचे एकतीस, आणि साठावा दिवस १ एप्रिल. पंचेचाळीस दिवस उरले होते. निनादची नोकरी शाबूत होती, तोही एच-वनवर, तेव्हा ती त्याच्यामागे एच-फोरवर जाऊ शकत होती. त्यासाठी आय-५३९ हा अर्ज साठ दिवसांच्या आत भरायचा. नाहीतर त्या मुदतीत दुसरी कंपनी शोधायची.

एवढंच असतं, तर ही ओळ आली नसती. ती हुशार मुलगी आहे, तिने तक्ता केला असता. मी लिहिलं : "अजून काय होईल, काहीच केलं नाहीस तर?" मग आलं : "६ मार्चला मिरजेत बाबांची बायपास आहे."

ती का गोठली होती, ते आता दिसलं. घड्याळं दोन होती, आणि एकाचे काटे दुसऱ्यात अडकले होते. आय-५३९ भरला आणि निकाल लागायच्या आत देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. अर्ज न भरता गेली, तर परत येताना मुंबईच्या वकिलातीतून एच-फोरचा शिक्का घ्यावा लागणार, आणि तिथल्या मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा नेम नाही. इकडे दोन कंपन्यांशी बोलणं चालू होतं. तिला वाटत होतं की आपण व्हिसा की नोकरी हे ठरवतोय. निनादला वाटत होतं, अर्ज भरून मोकळं व्हावं. बाबा फोनवर म्हणत होते, "येऊ नकोस, भाऊ आहे इथे." प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

मी कायद्याचं काही सांगितलं नाही, सांगूही नये. आपल्याकडे पार्किंग लॉटमध्ये मिळणारा इमिग्रेशनचा सल्ला हा एक वेगळाच रोग आहे. मी एवढंच विचारलं, "यातलं कुणाला फोन केला तर कळेल, आणि कुणालाच फोन करून कळणार नाही असं काय आहे?" बारा वाजून गेल्यावर आम्ही दोघींनी मिळून वकिलासाठी तीन प्रश्न लिहिले. अर्ज न भरता मी फेब्रुवारीअखेर गेले, तर नंतर पुन्हा एच-वन मिळायला लॉटरीत नाव घालावं लागेल का? एच-फोरसाठी निनादची कुठली कागदपत्रं सोबत हवीत? आणि मी तिकडे असताना इथल्या कंपनीने माझ्यासाठी अर्ज केला तर चालेल का? चौथा प्रश्न मिरजेच्या डॉक्टरांसाठी : ऑपरेशन पुढे ढकलता येईल का?

वकिलाने अर्ध्या तासात तिन्हींची उत्तरं दिली. लॉटरीची भीती नव्हती, कारण तिची सहा वर्षं पुरी झाली नव्हती आणि ती एकदा मोजली गेली होती. (हे २०२३ चं सांगतेय. त्यानंतर बाहेरून येणाऱ्यांचे नियम बरेच बदललेत, तेव्हा माझ्या भरवशावर तिकीट काढू नका.) डॉक्टर म्हणाले, ढकलू नका.

शेवटी फोन करून न कळणारं एकच उरलं : ऑपरेशनच्या दिवशी ती कुठे असली तर तिला पुढे जगता येईल. ते तिने मला विचारलं नाही, मीही बोलले नाही. ती २४ फेब्रुवारीला गेली. बाबांचं ऑपरेशन नीट पार पडलं. पण मुलाखतीची तारीख मिळता मिळता जूनचा मध्य उजाडला. तेवढ्यात दोनपैकी एका कंपनीने थांबायला नकार दिला आणि दुसरीने ती जागाच रद्द केली. नवी नोकरी लागायला दुसरं वर्ष उजाडलं. त्या काळात दोघांची बरीच भांडणं झाली, तेही तिने मला सांगितलं. तो निर्णय स्वस्तात पडला असं म्हणवत नाही.

गेल्या गणपतीत ढोल उतरवून ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "काकू, त्या रात्री मी तुमच्याआधी चौघांना तोच मेसेज पाठवला होता." मी विचारलं, ते काय म्हणाले? "एकाने लिहिलं, मनाचं ऐक. एकीने अंगठा पाठवला. एकाने घराच्या कर्जाचे दर पाठवले, त्याला वाटलं आम्ही घर बघतोय." आणि चौथा? चौथ्याने अजून वाचलेलाच नाही, ती म्हणाली, आणि प्रसादाच्या रांगेकडे निघून गेली.