रुमाल टाकलेली वेळ

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना माझं अर्धं काम समजावून सांगावं लागत नाही. साहेबांच्या कॅलेंडरवर आणि साहेबांना ज्यांना भेटायचंय त्यांच्या कॅलेंडरवर मी दिवसभर असेच रुमाल टाकत असते. आमच्या पुण्याच्या ऑफिसात याला ‘वेळ ब्लॉक करणं’ म्हणतात. बैठक होणार आहे का, नक्की कशावर होणार, कोण कोण येणार, यातलं काहीच ठरलेलं नसतं. पण सगळं ठरेपर्यंत थांबलं तर तिघांची मिळून एक मोकळी वेळ उरत नाही. म्हणून आधी जागा धरायची, मग बसणारा माणूस ठरवायचा.

रुमाल टाकणं सोपं असतं. तो कुणाचा, किती वेळासाठी आणि कधी उचलणार, हे न सांगण्यातून भांडणं होतात.

२०२६च्या मार्चचं उदाहरण घेऊ. पुण्यात आमचे साहेब, लंडनला ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागाच्या प्रमुख, न्यूयॉर्कला त्यांचे पैशाचं बघणारे गृहस्थ. कराराचा मसुदा वकिलांकडे अडकलेला. तो आला की पाऊण तास बोलायचं, एवढंच ठरलेलं. मार्चचा दुसरा आणि तिसरा आठवडा सोयीचा, पण १९ तारखेला गुढीपाडवा, म्हणून तो दिवस आमच्याकडून बाद.

मार्च हा आमच्या धंद्यातला कटकटीचा महिना. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी. आपली जागची हलत नाहीत. त्यामुळे ८ मार्चपर्यंत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, त्यानंतर साडेनऊ. लंडन मात्र २९ तारखेपर्यंत साडेपाच तासांवरच थांबतं. फेब्रुवारीच्या हिशेबाने कुणी मार्चची वेळ काढली की न्यूयॉर्ककर एक तास आधीच येऊन बसतो. कॅलेंडरमधलं निमंत्रण ही बेरीज-वजाबाकी स्वतः बरोबर करतं; चूक होते ती मजकुरात हाताने लिहिलेल्या वेळेत. मग निमंत्रण एक सांगतं, खालचा मजकूर दुसरंच, आणि माणूस मजकुरावर विश्वास ठेवतो.

तर आम्ही पुण्याचे संध्याकाळचे साडेसात धरले. लंडनला दुपारचे दोन, म्हणजे जेवणाची वेळ टळली, न्यूयॉर्कला सकाळचे दहा. मंगळवार १०, गुरुवार १२ आणि मंगळवार १७ असे तीन दिवस. तीनच. पाच-सहा वेळा अडवून ठेवणारे माझ्या ओळखीचे आहेत, पण त्यात समोरच्याचा अख्खा आठवडा गोठतो आणि त्याची सेक्रेटरी तुमचं नाव लक्षात ठेवते, चांगल्या अर्थाने नाही.

निमंत्रणाचा मथळा HOLD या शब्दाने सुरू करायचा. तो पुढेच हवा, कारण फोनवर मथळ्याचे पहिले दोन-तीन शब्दच दिसतात, आणि नंतर शोधायला बसलं की हा एक शब्द टाकून सगळे ब्लॉक समोर येतात. त्यानंतर साधं नाव: HOLD – करार चर्चा (३ पैकी १). कराराची रक्कम किंवा कुठल्या कंपनीशी काय चाललंय हे मथळ्यात अजिबात नको. मजकूर झाकलेला असला तरी मथळे बऱ्याच ऑफिसांत सगळ्यांना दिसतात, आणि कॅलेंडर वाचून बातम्या लावणारा एक तरी माणूस प्रत्येक मजल्यावर असतो.

आउटलुकमध्ये Show As नावाचा एक रकाना आहे. तिथे Tentative निवडलं की ती वेळ तिरप्या रेघांनी दिसते: धरलेली, पण पक्की नाही. घाईत तिथे Free राहिलं, तर बघणाऱ्याला ती वेळ मोकळी दिसते आणि तासाभरात तिथे दुसरी बैठक येऊन बसते. Busy केलं तर उलटी अडचण: खरंच महत्त्वाचं काम असलेला माणूस विचारायलाच येत नाही. तिरप्या रेघा त्याला सांगतात, की विचारून बघ.

आणि मजकुरात दोन ओळी. आम्ही लिहिलं होतं ते साधारण असं: “मसुदा हाती आला की यातली एकच वेळ पक्की करू. गुरुवारी ५ मार्चला, पुण्याच्या संध्याकाळी पाचपर्यंत कळवते. तोवर काही अडचण आली तर मोकळेपणाने सांगा, आपण दुसरी शोधू.” तारीख वार आणि शहरासकट. ‘लवकरच कळवते’ हे मी लिहीत नाही. सोडण्याची तारीख नसलेला ब्लॉक मला उद्धटपणा वाटतो, मग भाषा कितीही गोड असो.

मधल्या काळात लंडनच्या सेक्रेटरीबाईंचा निरोप आला: गुरुवारच्या वेळेवर त्यांच्या संचालकांना बसायचंय, तुमचा ब्लॉक किती पक्का? अशा वेळी घासाघीस करू नये. आमच्याकडे आणखी दोन वेळा होत्या, मी त्याच दुपारी गुरुवार सोडला. गुरुवारवरच सगळं अडलं असतं, तर तेही स्पष्ट सांगितलं असतं.

५ तारखेला सकाळी वकिलांकडून कळलं, मसुदा सोमवारी येईल. म्हणजे मंगळवार १० फार जवळ, १७ ठीक. इथे क्रम महत्त्वाचा. पक्की करायची वेळ नवीन निमंत्रणाने पाठवायची नाही. जुनंच निमंत्रण उघडून मथळ्यातला HOLD आणि तो ‘३ पैकी’चा आकडा काढायचा, रेघा जाऊन Busy, विषय, लिंक भरायची आणि बदल पाठवायचा. नवीन पाठवलं की जुना ब्लॉक त्याच वेळेवर पडून राहतो, आणि एकाच माणसाला एकाच वेळी दोन बैठका दिसतात. मग लगेच, खुर्चीतून उठायच्या आत, १० तारीख रद्द.

रद्द करणं आणि पुसणं यात फरक आहे. मी माझ्या कॅलेंडरवरून नुसतं पुसलं, रद्द झाल्याचा निरोप पाठवला नाही, तर समोरच्याकडे तो ब्लॉक तसाच राहतो. निमंत्रण पाठवणाऱ्यालाच ते सगळ्यांकडून मागे घेता येतं. म्हणूनच नोकरी सोडून गेलेल्यांचे ब्लॉक महिनोन्‌महिने इतरांच्या कॅलेंडरवर फिरत असतात. निरोपात एकच ओळ पुरते: “१७ पक्की झाली, १० तारखेची वेळ तुमची मोकळी, धरून ठेवलीत, आभार.” कारणांची पोथी नको. वकिलांना उशीर का झाला याच्याशी लंडनच्या बाईंना काही देणंघेणं नाही, त्यांना तो मंगळवार दुपारचा पाऊण तास हवा असतो.

आणि ठरलेल्या तारखेलाही काहीच कळलं नसतं तर? तर मी तेच कळवलं असतं: अजून ठरत नाही, १० सोडतेय, १७ ठेवू का? मुदतवाढ एकदा मागावी. दुसऱ्यांदा मागायची वेळ आली तर सगळं सोडून द्यावं आणि मसुदा हातात आल्यावर नव्याने सुरुवात करावी.

दर शुक्रवारी चहानंतर मी HOLD टाकून शोधते. ज्याची तारीख उलटून गेली असा ब्लॉक निघाला, तर तो जागच्या जागी रद्द होतो, साहेबांना न विचारता. तुमच्याही कॅलेंडरवर असे काही पडून असतील. आजच शोधा आणि ज्यांचे आहेत त्यांना त्यांचा वेळ परत करा.