फॅक्टशीटचा फोटो आणि वगळलेली ओळ

म्युच्युअल फंडाचे फॅक्टशीट म्हणजे एखाद्या योजनेची महिनाअखेरची स्थिती एका-दोन पानांत मांडणारे माहितीपत्रक होय. योजनेत किती पैसा जमा आहे, तो कोणत्या कंपन्यांत गुंतवला आहे, आतापर्यंत परतावा किती मिळाला, खर्च किती आकारला जातो आणि जोखीम कोणत्या पातळीची आहे, हे सारे त्यात छापलेले असते. मात्र त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो हा फॅक्टशीटचा पर्याय ठरत नाही, कारण पानावर काय छापावे याला नियम आहेत, तर फोटोत काय यावे हे फोटो काढणारा ठरवतो. हा फरक किती महाग पडू शकतो, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाला एका फोटोमुळे आला आणि त्याबद्दलची चीड अद्याप पुरती शमलेली नाही.

फोटो सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेला आला होता. त्यांची आयुष्यभराची बचत बँकेत व पोस्टात होती, म्युच्युअल फंडात त्यांनी तोवर एक रुपयाही घातला नव्हता, आणि मुदत संपलेल्या एका ठेवीचे २ लाख रुपये हाताशी असताना ओळखीच्या एका वितरकाने त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एका फ्लेक्सीकॅप योजनेच्या, म्हणजे लहान-मोठ्या सर्व आकारांच्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या योजनेच्या, फॅक्टशीटचा फोटो व सोबत अर्ज पाठवला. फोटोत पाच वर्षांच्या परताव्याभोवती आणि ‘खर्च ०.६८ टक्के’ या आकड्याभोवती पेनाने गोल केले होते. सही करण्यापूर्वी हे कागद जरा बघून द्यावेत, एवढीच बाईंची विनंती होती.

खर्चाचे प्रमाण, ज्याला व्यवहारात सर्वजण एक्स्पेन्स रेशो म्हणतात, म्हणजे योजना चालवण्यासाठी फंड कंपनी दरवर्षी गुंतवणूकदारांच्या एकूण पैशातून जो हिस्सा घेते त्याची टक्केवारी. निधी व्यवस्थापकाचे शुल्क, हिशेब, नोंदणी आणि वितरकाचे कमिशन हे सारे त्यात येते. त्याचे बिल कधीच येत नाही, कारण वार्षिक प्रमाणाचा सुमारे ३६५ वा भाग रोज योजनेच्या मालमत्तेतून वजा केला जातो आणि त्यानंतरच एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, जाहीर होते. याचा एक परिणाम नवख्यांच्या लक्षात येत नाही. फॅक्टशीटवरचा परतावा हा खर्च आधीच वजा करून दिलेला असतो, त्यामुळे तो पुन्हा वजा करण्याची गरज नसते. बाईंनी मात्र वहीत तो परताव्यातून पुन्हा वजा करून ठेवला होता. त्यांची चूक सावधपणाच्या बाजूची होती आणि तिचे निराकरण दोन मिनिटांत झाले.

न सुटणारी गोष्ट वेगळीच होती. फोटोत ०.६८ या आकड्याच्या वर अक्षरांचे खालचे टोक तेवढे दिसत होते, म्हणजे वर आणखी एक ओळ होती आणि ती फोटोच्या कडेबाहेर राहिली होती. फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच महिन्याचे मूळ फॅक्टशीट उतरवून घेतल्यावर ती ओळ वाचता आली. ‘रेग्युलर १.७६ टक्के’ असे तिथे छापलेले होते आणि त्याखालच्या ०.६८ च्या आधी ‘डायरेक्ट’ हा शब्द होता, जो फोटोत गोलाच्या शाईखाली गेला होता. एकाच योजनेचे हे दोन प्रकार असतात. दोन्हींतील शेअर तेच, व्यवस्थापक तोच. परंतु रेग्युलर प्रकारात वितरकाचे कमिशन खर्चात धरलेले असते, तर १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध झालेल्या डायरेक्ट प्रकारात गुंतवणूकदार थेट फंड कंपनीकडे जातो आणि ते कमिशन वाचते. फोटो डायरेक्टच्या खर्चाचा होता, आणि सोबतच्या अर्जावर वितरकाचा एआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, आधीच छापलेला होता. अर्जावर असा क्रमांक असेल आणि ‘डायरेक्ट’ असे कुठेही लिहिलेले नसेल, तर तो अर्ज रेग्युलर प्रकाराचाच मानला जातो. थोडक्यात, दाखवला एक खर्च आणि आकारला जाणार होता दुसराच.

फरक १.०८ टक्क्यांचा. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब मांडणे आवश्यक ठरले. २ लाख रुपयांवर १.७६ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ३,५२० रुपये, आणि ०.६८ टक्के म्हणजे १,३६०. पहिल्याच वर्षी तफावत २,१६० रुपयांची. खर्च धरण्यापूर्वीचा परतावा दरसाल ११ टक्के मिळतो असे केवळ उदाहरणादाखल मानले, तर दहा वर्षांनी रेग्युलर प्रकारात सुमारे ४ लाख ८४ हजार आणि डायरेक्ट प्रकारात सुमारे ५ लाख ३४ हजार रुपये होतात. म्हणजे मूळ गुंतवणुकीच्या चौथाईएवढी, जवळजवळ ५० हजारांची रक्कम, फोटोबाहेर राहिलेल्या त्या एका ओळीत होती. ती ओळ चुकून सुटली असेल अशी शक्यता लेखकाने मनोमन अनेकदा तपासली. पण पेनाचा गोल नेमका खालच्या आकड्याभोवती असणे आणि ‘डायरेक्ट’ हा शब्द नेमका शाईखाली जाणे हे पाहता ती शक्यता पटत नाही. फोनवर विचारणा केली तेव्हा वितरकाचे उत्तर होते, ‘‘अहो, एवढं बारीक कोण वाचतं?’’ हे उत्तर लपवाछपवीपेक्षाही अधिक बोचणारे होते.

तथापि, याच ठिकाणी एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. कमिशन घेणे हा गुन्हा नाही. केवायसी करून देणे, नामांकन भरून घेणे, बाजार कोसळल्यावर घाबरलेल्या माणसाला थोपवून धरणे ही कामे कोणीतरी करत असते, आणि ज्याला ती स्वतः जमत नाहीत त्याने रेग्युलर प्रकार पत्करला तर त्यात मूर्खपणा नाही. बाईंनाही मोबाइलवरून अर्ज भरण्याची धास्तीच वाटत होती. त्यामुळे डायरेक्ट हाच एकमेव शहाणपणा, असे जे मत लेखक एरवी ठासून मांडतो, ते त्या दुपारी त्याला तितक्या जोराने मांडता आले नाही. आक्षेप कमिशनला नसून, ते घेताना दुसऱ्याच प्रकाराचा आकडा दाखवण्याला आहे.

खर्चानंतर फॅक्टशीटवर पाहायची दुसरी नोंद एक्झिट लोडची. एक्झिट लोड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी युनिट विकल्यास विक्रीच्या रकमेतून कापला जाणारा आकार. या योजनेत तो युनिट मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत विकल्यास १ टक्का होता. बाईंचा समज असा होता की ठेव मुदतीआधी मोडल्यावर जसे फक्त व्याज कमी होते, तसा हा आकारही नफ्यातूनच जाईल. प्रत्यक्षात तो संपूर्ण विक्रीमूल्यावर लागतो, मग नफा असो वा तोटा. २ लाखांचे मूल्य आठ महिन्यांत १ लाख ८० हजारांवर आले आणि त्याच वेळी पैसे काढले, तर २० हजारांच्या तोट्याशिवाय आणखी १,८०० रुपये कापले जाऊन हाती १ लाख ७८ हजार २०० येतील. दरमहा हप्त्याने म्हणजे एसआयपीने गुंतवले, तर प्रत्येक हप्त्याचे वर्ष स्वतंत्रपणे मोजले जाते आणि आधी घेतलेले युनिट आधी विकले गेले असे धरले जाते. म्हणून चौदा महिन्यांनी सर्व रक्कम काढणाऱ्याचे पहिले मोजके हप्ते सुटतात, पण उरलेल्यांवर आकार लागतो. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत पैसे वळवणे हेही विक्रीतच गणले जाते. कापलेली रक्कम मात्र फंड कंपनीच्या खिशात जात नाही. २०१२ पासून ती योजनेतच जमा होते आणि तिचा लाभ मागे राहिलेल्या गुंतवणूकदारांना मिळतो.

राहिला जोखीममापक, ज्याला रिस्कोमीटर असे नाव पडले आहे. गाडीच्या वेगमापकासारख्या या अर्धवर्तुळात २०२१ च्या आरंभापासून सहा पातळ्या असून, ‘कमी’पासून ‘अतिशय जास्त’पर्यंत काटा कुठे आहे ते दर महिन्याला नव्याने ठरवले जाते. पानावर बहुधा शेजारी दुसरेही अर्धवर्तुळ असते, ते योजनेचे नसून तिच्या मानदंड निर्देशांकाचे, म्हणजे बेंचमार्कचे असते. बाईंच्या फोटोत काटा शेवटच्या लाल पट्टीवर होता आणि त्या घाबरल्या होत्या. ‘शेअरच्या सगळ्या फंडांवर असंच असतं,’ हे वितरकाचे म्हणणे मात्र बहुतांशी खरे होते. शेअरच्या योजनांत कंपन्यांचा आकार, भावातील चढउतार आणि खरेदी-विक्रीची सुलभता या तिन्हींना गुण देऊन सरासरी काढली जाते, आणि ती ५ च्या वर गेली की काटा शेवटच्या पट्टीत जातो. मोठ्या कंपन्यांनाच आकाराचे ५ गुण असतात, मध्यम कंपन्यांना ७ आणि लहान कंपन्यांना ९. उरलेल्या दोन्ही बाबतींतही किमान गुण ५ आहेत. साहजिकच, मोठ्या कंपन्यांच्या जोडीला थोड्या मध्यम कंपन्या घेणारी तुलनेने शांत योजना आणि निव्वळ लहान कंपन्यांमागे धावणारी योजना, दोघींचाही काटा एकाच जागी दिसतो. दोन शेअर योजनांची तुलना करण्यासाठी हा मापक जवळजवळ निरुपयोगी आहे. कर्जरोख्यांच्या योजनांत मात्र काटा खरोखर हलतो आणि तिथे तो अवश्य पाहावा.

मग लाल काट्याकडे दुर्लक्ष करावे काय? वितरकाच्या वाक्यातून तोच अर्थ निघत होता आणि तो चुकीचा आहे. काटा योजनायोजनांतला फरक सांगत नसला, तरी हा पैसा शेअर बाजारात जाणार आहे आणि तो मध्येच लक्षणीय घटू शकतो, एवढे तो स्पष्टपणे सांगतो. पहिल्यांदाच गुंतवणूक करणाऱ्यासाठी ती माहिती खर्चाच्या आकड्याहूनही महत्त्वाची आहे. बोलण्याच्या ओघात बाईंनी सांगितले की हे २ लाख दीड-दोन वर्षांत घराचा स्लॅब दुरुस्त करायला लागणार आहेत. त्यापुढे डायरेक्ट की रेग्युलर हा वादच उरला नाही. पैसे पुन्हा बँकेत ठेवले गेले, आणि इतका वेळ ५० हजारांच्या तफावतीवर खर्च केल्यानंतर खरा प्रश्न तो नव्हताच, हे लेखकाला काहीसे नाइलाजाने कबूल करावे लागले.

वितरकाने फोटो पाठवला, तर त्यावर निर्णय घेऊ नये. फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून संपूर्ण फॅक्टशीट उतरवून घ्यावे आणि अर्जावर डायरेक्ट लिहिले आहे की एआरएन छापला आहे, ते सहीपूर्वी पाहावे. फॅक्टशीटवरचा खर्च महिनाअखेरचा असतो, तर चालू खर्च फंड कंपन्यांना संकेतस्थळावर रोज जाहीर करावा लागतो, आणि तो पाहण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.