डिंगोऱ्यातला निळा स्कर्ट

आमच्या डिंगोऱ्यात त्याला बरेच जण ओळखतात. गडद निळ्या सुती कापडाचा, सहा कळ्यांचा, खाली अडीच इंचांचा पांढरट छापाचा काठ असलेला लांब स्कर्ट. जुन्नरच्या बाजारातून तयार आला तेव्हा कमरपट्टीपासून काठापर्यंत त्याची लांबी एकोणचाळीस इंच होती आणि खालचा घेर एकशे आठ. चालताना काठ मागेपुढे सुरेख झुलायचा. कापड चांगलं, रंग पक्का, शिवण सरळ. तरीही पहिल्या आठवड्यातच तो माझ्या मशीनवर आला. गावात शिवणकाम करणाऱ्या बाईकडे कपडे येतात ते तक्रार घेऊनच, आणि याची तक्रार अगदी साधी होती. तो पायात येत होता.

त्याची मालकीण ओतूरच्या एका पतसंस्थेत काम करते. उंची बरोबर पाच फूट. सकाळी एसटी नाहीतर जीप, दिवसभर काउंटर, संध्याकाळी परत. पायात सपाट कोल्हापुरी. मी तिला चप्पल घालूनच उभं केलं. कमरेपासून जमिनीपर्यंत अनवाणी माप सदतीस इंच, अर्ध्या इंचाचा तळ धरून साडेसदतीस. स्कर्ट एकोणचाळीस. म्हणजे दीड इंच कापड नुसतं जमिनीवर लोळत होतं. बाजारातले असे स्कर्ट साधारण पाच फूट तीन इंचांच्या बाईला बेतलेले असतात. तिचं अनवाणी माप साडेएकोणचाळीसच्या आसपास येतं, सपाट चपलेत काठ जमिनीपासून इंचभर वर राहतो आणि सगळं जमून जातं. आमच्याकडे पाच फुटाच्या बायका काही थोड्या नाहीत.

या स्कर्टचा स्वभाव समजून घ्यायचा तर आधी साडी आठवावी. साडी नेसताना आपण आधी चप्पल घालतो, मग निऱ्या खोचतो. उंच टाचेची चप्पल असली तर निऱ्या जरा खाली, सपाट असली तर वर. रोज नवं माप आणि तेही न मोजता. शिवलेल्या स्कर्टला ही सोय नाही. त्याची लांबी एकदा ठरली की ठरली, आणि ती एकाच उंचीच्या चपलेशी जुळते. म्हणून लांब स्कर्ट बेतताना पहिला प्रश्न ‘उंची किती’ हा नसतो. ‘पायात काय घालणार’ हा असतो.

कामाला जायचं, एसटीच्या पायऱ्या चढायच्या, पावसाळ्यात माळशेजकडून येणाऱ्या सरींत चालायचं, तर काठ जमिनीपासून दीड इंच वर हवा. साडेसदतीसातून दीड गेले, राहिले छत्तीस. तीन इंच कमी करायचे होते. खालून कापले असते तर काठ गेला असता. वरून, कमरेकडून काढावेत तर कळी वर अरुंद आणि खाली रुंद असते. वरचे तीन इंच गेले की कंबर सैल पडते आणि सगळ्या कळ्या पुन्हा दाबाव्या लागतात. मालकीण म्हणाली, “काकू, कापू नका हं. काठासाठीच तर घेतलाय.”

तेव्हा मी जुनी युक्ती केली. परकर-पोलक्याच्या काळात मुलींच्या परकराला खाली आडव्या टिपा घालून ठेवत आणि मुलगी वाढली की एकेक टीप उसवत. तशाच दोन टिपा मी काठाच्या वर घातल्या. प्रत्येक टीप पाऊण इंच खोल. पाऊण इंचाची टीप दुमडून दीड इंच कापड खाते, म्हणून दोन टिपांत बरोबर तीन इंच गेले. काठ जागेवर राहिला आणि त्याच्यावर दोन नेटक्या रेघा आल्या. कळीचा उतार बेताचा असला तरच हे जमतं. टिपेची खालची कड वरच्या कडेपेक्षा थोडी रुंद असते, ती जास्तीची रुंदी बोटाने सारून बसवावी लागते. छत्री घेराच्या स्कर्टला ही युक्ती लावू नये, तिथे टीप चुरगळते आणि कापड फुगून उभं राहतं.

छत्तीस इंचांचा झाल्यावर स्कर्टचं वागणं बदललं. एसटीच्या उंच पायरीवर पाय टाकताना तो हातात धरावा लागेना. मालकीण लेण्याद्रीला गेली तेव्हाही त्याने त्रास दिला नाही, फक्त चढताना पुढची बाजू चिमटीत धरून थोडी उचलावी लागली. पायऱ्या चढताना काठ पुढूनच पायाखाली येतो, मागून नाही. दुचाकीवर मात्र मी त्याला कधी मोकळा सोडू दिला नाही. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी असावी असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. पण उरलेला अर्धा भाग उघडाच असतो आणि सहा कळ्यांचा घेर तिथवर सहज पोचतो. एका बाजूला बसताना घेर गोळा करून मांडीखाली घ्यावा, मगच गाडी सुरू करायला सांगावी.

दिवाळीला मालकिणीची नणंद आली. उंची पाच फूट सहा. तिला स्कर्ट आवडला. वहिनीने माझ्याकडून टिपा उसवून घेतल्या, एकोणचाळीस इंच पुन्हा मोकळे झाले. नणंदेचं अनवाणी माप साडेएकेचाळीस. सपाट चपलेत काठ जमिनीपासून तीन इंच वर, घोट्याच्या जरा खाली. छान दिसत होता. मग लग्नाला जायला तिने अडीच इंच टाचेचे सँडल घातले आणि आरशात बघून म्हणाली, “वहिनी, हा धुतल्यावर आटला का गं?”

तो आटला नव्हता. तिच्या पायावर तो होता तिथेच होता, घोट्याजवळ. टाचेने कंबर दोन-सव्वादोन इंच वर गेली, तिच्याबरोबर स्कर्टही वर गेला. जमीन मात्र तिथेच राहिली. अंतर तीन इंचांचं जवळपास पाच झालं, आणि लांब स्कर्ट जमिनीपासून एवढा सुटला की तोकडा दिसतो. लांब स्कर्टचं माप जमिनीकडून घ्यायचं असतं, हे त्या दिवशी सगळ्या घराला दिसलं. नणंदेने सपाट कोल्हापुरी घातली आणि प्रश्न मिटला.

दोन वर्षं वापरून काठाची कड विरली. काठाच्या वरचं कापड मात्र ठणठणीत होतं. मालकीण म्हणाली, आता याचा मिडी करू. आणि इथे त्याचा हिशोब पार उलटला. मिडी जमिनीशी मोजत नाहीत, पायाशी मोजतात. टाच उंच असो की सपाट, मिडीचा काठ पोटरीवर जिथे असतो तिथेच राहतो. म्हणून त्याला चपलेआधी पायाची घडण बघावी लागते.

मी तिच्या पायावर टेप धरली. पोटरीचा सर्वांत भरलेला भाग जमिनीपासून अकरा इंचांवर होता. काठ तिथे थांबवला तर नजर पायाच्या सर्वांत रुंद रेषेवर अडते आणि पाच फुटाची बाई आणखी बुटकी दिसते. सव्वीस इंचांचा मिडी केला असता तर तेच झालं असतं. काठ पोटरीच्या वर, गुडघ्याच्या जरा खाली घ्यायचा किंवा पोटरीच्या खाली, पाय निमुळता होतो तिथे. नोकरीची जागा आणि खुर्चीवर बसण्याचं काम, म्हणून तिने खालचा पर्याय निवडला. बसलं की मिडी दोनेक इंच वर सरकतो, तेव्हाही गुडघा झाकलेला राहावा ही तिची अट होती. साडेअठ्ठावीस इंच ठरले. अनवाणी जमिनीपासून काठ साडेआठ इंच.

कापण्याआधी स्कर्ट एक रात्र कमरपट्टीने टांगून ठेवला. कळीच्या तिरक्या कडा उरेब असतात, वजनाने त्या उतरतात आणि काठ कळीच्या जोडाशी खाली लोंबतो. दुसऱ्या दिवशी मालकिणीला रोजची चप्पल घालून सरळ उभं केलं, हात खाली, नजर समोर. लाकडी फूटपट्टी जमिनीवर उभी धरली आणि नऊ इंचांवर खडूची खूण करत मी तिच्याभोवती फिरले. ती फिरली असती तर माप हललं असतं. कमरेपासून मोजलं असतं तर मागची बाजू वर गेली असती, कारण कापडाला मागे कुल्ल्यांचा उंचवटा ओलांडून यावं लागतं. तिच्या बाबतीत मागे अर्धा इंच जास्त लागलं. दुमडीसाठी एक इंच माया ठेवून कापलं आणि आतून तुरपाई केली. घेर एकशे आठवरून सत्त्याऐंशीच्या आसपास आला, एसटीची पायरी चढायला तो पुरेसा आहे. याच लांबीचा सरळ, नळीसारखा मिडी असता तर मागे चांगली आठ इंचांची चीर दिल्याशिवाय ती पायरी चढता आली नसती.

मिडीतही चपलेचं काम उरतंच. काठाखाली पायाचा जो तुकडा दिसतो, तो अखंड दिसला तर पाय लांब वाटतो. घोट्याला आडवा पट्टा असलेले सँडल त्या तुकड्याचे पुन्हा दोन तुकडे करतात. कोल्हापुरी पायाचा वरचा भाग उघडा ठेवते म्हणून या स्कर्टला ती शोभते. बूट घालायचे तर मोजे घोट्याखालचे असावेत. 1947 साली पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओरने पोटरीपर्यंतचे घेरदार स्कर्ट आणले, तेव्हा त्यांच्याखाली उंच टाचेचे बूट होते. तीच लांबी सपाट चपलेत उचलायची तर काठ पोटरीच्या भरलेल्या भागावरून हलवावाच लागतो.

पुढच्या दिवाळीत नणंदेने तो पुन्हा घालून बघितला. साडेअठ्ठावीस इंचांचा काठ तिच्या पायावर जमिनीपासून तेरा इंचांवर, नेमका भरल्या पोटरीवर आला. तिला बत्तीस इंच हवे होते. लांब असताना टिपा घालून-उसवून तो दोघींचा होऊ शकत होता. मिडी झाला आणि एकीचाच उरला. आता तो ओतूरच्या त्या पतसंस्थेत आठवड्यातून दोनदा दिसतो.

माझ्याकडे किंवा कुठल्याही शिंप्याकडे लांब स्कर्ट छोटा करायला न्याल, तेव्हा तो ज्या चपलेवर घालणार आहात तीच पायात घालून जा. मिडी न्याल तर आधी घरी आरशासमोर उभ्या राहून पोटरीचा भरलेला भाग जमिनीपासून किती इंचांवर आहे ते मोजून जा. आणि विकत घेताना दुकानातच एक पायरी हात न लावता चढून बघा. तिथे पायात आला तर तो रोजच येणार.