शीतली, तहान आणि मे महिन्यातले रोजे

पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिका' या ग्रंथात आठ कुंभक, म्हणजे आठ प्राणायाम दिले आहेत. सूर्यभेदनाने शरीरात उष्णता वाढते, शीतली आणि सीत्कारीने गारवा येतो, भ्रामरीने मन शांत होते, असे परंपरा सांगते. शीतलीबद्दल तर ती पित्त, ताप, भूक आणि तहान घालवते असेही लिहिले आहे. या शेवटच्या शब्दावर, तहानेवर, मला थांबायचे आहे. कारण आमच्या यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि २०१९ चे रोजे नेमके मे महिन्यात आले होते.

शीतली करायला सोपी आहे. ताठ बसायचे, जीभ थोडी बाहेर काढून तिच्या कडा वर वळवून नळी करायची आणि त्या नळीतून सावकाश श्वास घ्यायचा. मग जीभ आत, तोंड बंद आणि श्वास नाकाने सोडायचा. सुरुवातीला पाच-सहा वेळा पुरे. ग्रंथात मध्ये श्वास रोखायलाही सांगितले आहे, पण नवख्याने ते सोडून द्यावे. काहींची जीभ वळतच नाही. माझ्या वर्गात मुलांना करायला लावले की हशा पिकतो. अशांनी दात हलके मिटून फटींतून श्वास ओढावा, तीच सीत्कारी.

त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातला एक गवंडी रोजा ठेवून स्लॅबच्या कामावर जात होता. मोबाईलवर व्हिडिओ पाहून तो दुपारी दोन वाजता, कामाच्याच जागी, दहा-पंधरा मिनिटे शीतली करायचा. चौथ्या दिवशी असरनंतर भेटला. म्हणाला, "सर, करताना लई गार वाटते. पण मग तोंड कोरडं पडते, डोकं ठणकते. माझं चुकते का काही?"

त्याची पद्धत बरोबर होती. वेळ आणि जागा चुकीची होती. ओल्या जिभेवरून हवा गेली की ओलाव्याची वाफ होते आणि जीभ गार पडते. माठातले पाणी गार होते ते असेच. पण माठ पाणी गार करतो तेव्हा पाझरून पाणी कमीही होत असते, आणि रोजेदाराच्या माठात संध्याकाळपर्यंत कोणी पाणी ओतत नाही. शिवाय नाक हवा गाळते, तिला ओलावा देते. तोंडाने घेतलेली कोरडी, सिमेंटच्या धुळीची हवा तशीच घशात उतरते. जिभेला गारवा लागतो म्हणून तहान भागल्यासारखे वाटते, शरीरातले पाणी मात्र वाढत नाही. खरा धोका इथे आहे: तहान ही सूचना असते, आणि ती दबली की माणूस उन्हात आणखी तासभर काढतो.

मी त्याला लघवीचा रंग विचारला. गर्द पिवळा, आणि सकाळपासून एकदाच. ते पाणी कमी पडल्याचे लक्षण होते. उभे राहताना अंधारी येणे, पायात गोळे येणे, बोलताना गोंधळ होणे, अंग तापून घाम थांबणे, यातले काही दिसले तर प्राणायामाचा विचारच करू नये. सावली, पाणी आणि दवाखाना, याच क्रमाने. जीव धोक्यात असेल तर रोजा सोडता येतो, आजारी माणसाने तो नंतर पूर्ण करावा, ही सवलत कुरआनातच आहे.

त्याने ठेकेदाराशी बोलून काम सहा ते अकरा करून घेतले. शीतली करायचीच असेल तर इफ्तारनंतर दोन-तीन तासांनी, घरात, पाणी पिऊन झाल्यावर कर, असे मी सुचवले. सर्दी, खोकला किंवा दमा असणाऱ्यांनी आणि ज्यांचा बीपी कमी राहतो त्यांनी ती टाळलेली बरी. थंडीतही तिची गरज नसते.

रोज्यात दुसरी गडबड कपालभातीची होते. हठप्रदीपिकेत ती प्राणायामात नाहीच, शुद्धीच्या सहा क्रियांमध्ये आहे. पोटाला झटके देऊन श्वास बाहेर टाकायचा असल्याने सहरीनंतर, भरल्या पोटी ती करू नये. बीपी, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर ती आणि भस्त्रिका दोन्ही नकोत. वेगाने करताना बोटांना, ओठांना मुंग्या आल्या की लोक शक्ती जागी झाली समजतात. श्वास प्रमाणाबाहेर टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्या मुंग्या त्याच्या असतात. थांबावे, साधा श्वास घ्यावा, काही मिनिटांत जातात.

"आपल्यात हे चालते का?" असेही स्टाफरूममध्ये विचारले जाते. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी मुहम्मद गौस यांनी योगावरचा 'अमृतकुंड' हा ग्रंथ 'बहरुल हयात' या नावाने फारसीत आणला, एवढे मी सांगतो. त्या गवंड्याला मात्र हा प्रश्न पडला नव्हता. त्याची विचारणा वेगळीच होती: सहरीला चहा घेऊ की ताक? मी ताक सांगितले.