जानेवारीचा फोटो, मे महिन्याचा मोगरा

काकूंचा फोन आला तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू होता. "अगं, पानं बघ कशी भरगच्च आलीत, पण चार कुंड्यांत मिळून एक कळी नाही." काकू निवृत्त शिक्षिका. कोथरूडला सहाव्या मजल्यावर राहतात. उन्हाळ्यात सकाळी उठून घरच्या मोगऱ्याची फुलं वेचायची, एवढीच त्यांची इच्छा होती. जानेवारीत त्यांच्या बाल्कनीचा फोटो काढून, त्यावर कुंड्या बसवून, "हे असं दिसेल" म्हणून तो मीच त्यांना पाठवला होता. फोटोत बाल्कनी उन्हानं न्हाऊन निघाली होती आणि कठड्यालगत चार मोगरे उभे होते. मापं बरोबर होती, सावल्याही बरोबर होत्या. मोगरा मात्र फुलला नाही.

आधी मापांबद्दल सांगते, कारण ते काम मला तोवर चांगलं जमायला लागलं होतं. घराच्या फोटोवर झाड बसवताना पहिली फसगत आकारात होते. नर्सरीच्या कॅटलॉगमधून कापून घेतलेलं झाड बोटानं ओढून कितीही मोठं करता येतं. ते भरलेलं दिसलं की घरमालकही खूश आणि आपणही खूश. प्रत्यक्षात टेम्पोतून दीड फुटाचं रोप उतरतं. त्यावर उपाय सोपा आहे, पण तो फोटो काढतानाच करावा लागतो. मी बाल्कनीच्या एका टोकाला उभी राहते, मोबाइल टेपनं मोजून जमिनीपासून बरोबर चार फुटांवर धरते आणि बाल्कनीच्या लांबीच्या दिशेनं फोटो घेते. मोबाइल पुढे-मागे कलू द्यायचा नाही. सगळी बाल्कनी मावावी म्हणून वाइड लेन्सचा मोह होतो, पण तिच्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि गोल कुंडी अंडाकृती होते. त्यापेक्षा दोन पावलं मागे सरकावं.

मग फोटोत फरशीच्या लांबीकडच्या रेघा पुढे वाढवत न्यायच्या. त्या सगळ्या एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून एक आडवी रेघ मारायची. तिला मी नजरेची रेघ म्हणते. ती मोबाइलच्या उंचीवर असते, म्हणजे इथे चार फुटांवर. गंमत अशी की जवळ असो वा लांब, त्या फरशीवर उभी असलेली चार फुटांची कोणतीही वस्तू त्या रेघेला बरोबर टेकते. म्हणून दोन फुटांचं झाड कुठेही ठेवा, त्याचा शेंडा बुडापासून रेघेपर्यंतच्या अंतराच्या अर्ध्यावर यायला हवा. एक फूट उंचीची कुंडी पाव अंतर घेईल. काकूंचा मोगरा कुंडीसकट अडीच फुटांचा, म्हणजे अर्ध्याच्या थोडा वर. पडताळा घ्यायला कठडा असतोच. त्यांचा कठडा साडेतीन फुटांचा, तेव्हा त्याची वरची कड जवळ काय नि लांब काय, रेघेच्या जराशी खालीच राहायला हवी. ती राहत नसेल तर मोबाइल चार फुटांवर नव्हता किंवा कललेला होता. मग फोटो पुन्हा काढायचा. रुंदीसाठी फरशी पुरते. बाल्कनीत बहुधा फूटभराच्या खरखरीत फरश्या असतात. बारा इंची कुंडी फरशी भरून बसते, आणि लांबच्या फरशीवर ती त्या फरशीइतकीच लहान दिसते.

एवढं करूनही कुंडी खोटी दिसू शकते, आणि ती का खोटी वाटते हे मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. कारण कुंडीच्या काठात होतं. कॅटलॉगचे फोटो कुंडीच्या उंचीवर कॅमेरा ठेवून काढतात, त्यामुळे काठ जवळजवळ सरळ रेघेसारखा दिसतो. आपण मात्र उभं राहून खाली पाहत असतो, तेव्हा कुंडीचं तोंड उघडं दिसतं, आतली माती दिसते. सरळ काठाची कुंडी अशा फरशीवर ठेवली की ती घसरून पुढे पडेल असं वाटतं. म्हणून आता नर्सरीत गेले की लागणाऱ्या झाडांचे फोटो मी स्वतः काढते, मोबाइल चार फुटांवर धरून, पाच-सहा फूट लांबून. नेहमीची वीसेक झाडं अशी जमली की वर्षभर पुरतात.

सावलीचा हिशेबही फरशीवरच होतो. जानेवारीच्या मध्याला, भर दुपारी, पुण्यात एक फुटाच्या काठीची सावली दहा इंच पडते. सूर्य तेव्हा दक्षिणेला असतो, म्हणून सावली उत्तरेला, काकूंच्या घरात दाराकडे. अडीच फुटांच्या मोगऱ्याची सावली पंचवीस इंच, म्हणजे दोन फरश्यांहून किंचित जास्त. कठड्याच्या गजांच्या सावल्या फोटोत आधीच असतात. त्यांच्याशी समांतर, तितक्याच गडद आणि तितक्याच रेखीव सावल्या झाडांनाही द्यायच्या. सावली काळी रंगवायची नाही. तिच्यातून फरशीचा रंग दिसायला हवा. कुंडीच्या बुडाशी, ती जमिनीला टेकते तिथे, बोटभर रुंदीची जास्त गडद कड लागते. ती नसली की कुंडी तरंगते.

हे सगळं काकूंच्या फोटोत मी केलं होतं. म्हणून त्या मे महिन्याच्या दुपारी त्यांच्या बाल्कनीत उभी राहिले तेव्हा मला आधी कळेचना. साडेबारा वाजले होते. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण याच वेळी. समोरचा रस्ता तापून पांढरा झाला होता आणि बाल्कनीत उन्हाचा एक कवडसा नव्हता. उजेड भरपूर होता, डोळे दिपतील इतका, पण फरशीवर हात धरला तर सावलीला कड नव्हती. मोगऱ्याच्या फांद्या लांबट होऊन कठड्याच्या बाहेर वाकल्या होत्या, दोन पानांमधलं अंतर वाढलं होतं. मोगऱ्याला कळ्या धरायला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही की झाड पानंच वाढवतं. काकूंनी पाणी, खत सगळं वेळच्या वेळी दिलं होतं. चूक माझ्या चित्रात होती.

दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो. जानेवारीतला सूर्य कललेला, म्हणून त्याचं ऊन स्लॅबच्या खालून आत शिरतं. सूर्य जसजसा वर चढतो, तसतसा स्लॅब त्याला अडवतो. तेरा-चौदा मेच्या सुमारास पुण्यात सूर्य थेट माथ्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. मे महिन्यात तो उगवतोही पूर्वेच्या उत्तरेला आणि मावळतोही पश्चिमेच्या उत्तरेला, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीला सकाळ-संध्याकाळचंही ऊन नाही. मोगऱ्याचा ऐन बहर नेमका त्याच दिवसांत.

त्या दुपारी मी काकूंच्या डायनिंग टेबलवर बसून हिशेब मांडला. त्यांचा स्लॅब फरशीपासून नऊ फुटांवर, बाल्कनी पाच फूट खोल. एका फुटाच्या काठीची सावली जितके इंच, त्याला नऊनं गुणलं की दुपारचं ऊन स्लॅबच्या कडेपासून किती आत येतं ते कळतं. जानेवारीत दहा इंच गुणिले नऊ, म्हणजे साडेसात फूट. ऊन बाल्कनी ओलांडून हॉलमध्ये अडीच फूट. एकवीस मार्चला सावली चार इंच, म्हणून ऊन तीन फूट. एप्रिलच्या मध्याला जेमतेम दोन इंच, दीड फूट. मेमध्ये शून्य. शिवाय झाडाची पानं जमिनीवर नसतात. ती दीड-दोन फुटांवर असतात, म्हणजे स्लॅबच्या तेवढी जवळ, तेव्हा नऊऐवजी सातनं गुणायला हवं. टांगलेल्या कुंड्यांचं तर त्याहून वाईट. डोक्याच्या उंचीवर टांगलेली कुंडी स्लॅबपासून तीनच फूट खाली असते, मार्चमध्ये तिला ऊन मिळतं ते कडेच्या फूटभर पट्ट्यातच. लोक मात्र टांगलेल्या झाडाला ऊन जास्त मिळेल असं धरून चालतात.

काकू शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे जानेवारीत सोफ्याचा रंग उडतो तेच ऊन ना? मग ते मेमध्ये कुठं जातं हे मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं." काकू बावीस वर्षं त्या घरात राहत होत्या. तेव्हापासून काम हातात घेताना माझा पहिला प्रश्न तोच असतो. कोणत्या महिन्यात ऊन कुठवर येतं? पडदे कधी ओढता? पापड, कुरडया कुठे वाळत घालता? समोर नवी इमारत झाली आहे का?

फोटो स्वतःहून हे सांगत नाही. उलट मोबाइलचा कॅमेरा सावलीतली बाल्कनीही उजळ करून दाखवतो. म्हणून उजेड किती दिसतो याकडे मी लक्षच देत नाही. फोटोत कड असलेली सावली आहे का, एवढंच पाहते. हम्फ्री रेप्टन नावाचा इंग्लंडमधला बागरचनाकार 1788 पासून बागा आखायचं काम करत असे. तो मालकाच्या जागेचं जलरंगातलं चित्र करी आणि त्यावर कागदाची झडप लावी. झडप खाली असली की आजची जागा, उचलली की त्याच्या मनातली बाग. त्याला दोन चित्रं पुरत. मला एका बाल्कनीसाठी तीन लागतात. फोटो तोच, कुंड्या त्याच, पण जानेवारी, मार्च आणि मे असे तीन थर. प्रत्येकात फरशीवर उन्हाचा पट्टा मोजून पिवळसर रंगवलेला. जे झाड ज्या महिन्यात फुलतं, त्या महिन्याच्या चित्रात त्याची पानं पट्ट्यात आली पाहिजेत. दुपारचा एकच पट्टा म्हणजे दिवसभराचं ऊन नव्हे, हे खरं. पूर्व-पश्चिमेच्या बाल्कन्यांना तर तो लागूच होत नाही. तिथे आठ वाजता आणि चार वाजता फरशीवर खडूनं खुणा करून घ्याव्या लागतात. पण दक्षिणेच्या बाल्कनीत कोणत्या महिन्यांवर फुली मारायची, एवढं त्यातून नक्की कळतं.

काकूंचे मोगरे आम्ही स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीत हलवले. तिथे जाळीचा पेटीसारखा ग्रिल होता आणि मेमध्ये दुपारी एकपासून सहापर्यंत ऊन होतं, पाच तासांच्या आतबाहेर. बारा इंची चार कुंड्या तिथे मावेनात, म्हणून दहा इंचीत दोनच ठेवल्या, बाकीचे दोन मोगरे वर गच्चीत गेले. बाल्कनीसाठी शेवंती निवडली. ती दिवस लहान झाले की कळ्या धरते, नोव्हेंबर ते जानेवारी फुलते. म्हणजे या बाल्कनीत ऊन शिरतं त्याच महिन्यांत. तिच्यासोबत थंडीत मेथी आणि कोथिंबीर. उन्हाळ्यासाठी सावलीत तग धरणारा मनी प्लांट आणि स्नेक प्लांट दाराजवळ.

पुढच्या जानेवारीत मोगऱ्याची छाटणी केली. एप्रिलमध्ये एका सकाळी काकूंनी फोटो पाठवला. ओट्यावर स्टीलची वाटी, तिच्यात नऊ कळ्या, आणि मागच्या भिंतीवर खिडकीच्या जाळीची पुसट, कड नसलेली सावली. ऊन यायला अजून पाच तास होते.