दोन घसे, एक घर

२० जानेवारी २०२५, सोमवार
नऊ वर्षांचा मुलगा, वजन २४ किलो. काल अचानक घसा धरला, थुंकीही गिळवत नाही. ताप १०२. खोकला नाही, नाकही कोरडं. टॉर्च मारला तर दोन्ही टॉन्सिल लालबुंद, वर पांढरे ठिपके. जबड्याखालच्या गाठींना बोट लागताच पोराने मान काढून घेतली. ताप, खोकला नसणं, टॉन्सिलवरचा पू, पुढच्या गाठी आणि वय चौदाच्या आत, असे पाचाचे पाच गुण. तरीही इतके गुण पडलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांच्याच घशात स्ट्रेप्टोकोकस निघतो. म्हणून स्वॅब घेतला. जिभेला न लावता दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत घासावी लागते. पोराला उमासा आला आणि माझ्या बाहीवर थोडं आलं.

आई म्हणाली, "डॉक्टर, आजच गोळी द्या की." आज पॅरासिटामॉल दिलं. संधिवाताचा ताप टाळायला घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू झालं तरी चालतं.

२२, बुधवार
कल्चर पॉझिटिव्ह. रक्त मिसळलेल्या माध्यमावर जंतूंच्या ठिपक्यांभोवती स्वच्छ कडी दिसतात, कारण हा जंतू भोवतालच्या रक्तपेशी फोडतो. पेनिसिलिनची अॅलर्जी नाही, हे विचारून घेतलं. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. वीस कॅप्सूल, पहिली आज रात्री.

२३, गुरुवार
आता वडील, वय ४७. "पोराला दिलं तेच लिहा." आवाज बसलेला, नाक गळतंय, कोरडा खोकला, ताप ९९. टॉन्सिल साफ, गाठी नाहीत. पंचेचाळिशीच्या पुढे एक गुण वजा होतो, म्हणजे यांची बेरीज शून्याच्याही खाली. स्वॅब घेतला नाही. घरात जंतू असताना यांच्या घशातही तो नुसताच बसलेला सापडू शकतो, आणि मग विषाणूच्या सर्दीला अँटिबायोटिक जातं. गुळण्या आणि पॅरासिटामॉल सांगितलं. मान डोलावली खरी, पण चेहरा पडला.

२५, शनिवार
मुलगा खडखडीत. त्याच्यासाठी आणखी लिहून द्या म्हणत आईने पाकीट पुढे केलं. कालपासून ताप नाही. अशा वेळी बहुतेक जण कोर्स सोडून देतात, ही बाई उलट मोजून देतेय. पण आज सकाळपर्यंत सहाच जायला हव्यात, चौदा उरायला हव्यात. मोजल्या तर दहा.

"यांनी घेतल्या," ती खाली बघत म्हणाली. "गुरुवारी रात्रीपासून. आणि बरंही वाटलं हो."

वाटणारच. सर्दीचा घसा इतक्या दिवसांत आपोआपच उतरणीला लागतो. श्रेय मात्र कॅप्सूलला गेलं, आणि पुढच्या सर्दीला ते थेट दुकानात जातील. चार कॅप्सूल जादा लिहून दिल्या. चिठ्ठीवर मुलाचं नाव मोठ्या अक्षरात घातलं, खाली दोन रेघा ओढल्या.